चार लाखांची गाडी आणि चार लाख साठ हजारांचं कर्ज

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी कराडला एका खासगी शाळेत शिकवते, यजमान एमआयडीसीत नोकरीला आहेत. मार्च २०२० चं पासिंग असलेली एक पेट्रोल वॅगन आर आम्हाला आवडली आहे. मालक ४ लाख ६० हजारांवर अडून बसलेत. आमच्याकडे दीड लाख रोख आहेत आणि महिना ११ हजारांपर्यंत हप्ता झेपेल. बँकेने गाडीचं व्हॅल्युएशन फक्त ४ लाख धरलं. कर्ज ३ लाख २० हजारच देणार, व्याज साडेतेरा टक्के, मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. नव्या गाडीला हीच बँक नऊ टक्क्यांनी देते! गाडी दाखवणारा एजंट म्हणतो, "मॅडम, बँकेचा नाद सोडा. फायनान्स कंपनीतून पूर्ण ४ लाख ६० हजार करून देतो, नऊ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, हप्ता ११,११७." बँक आम्हाला कमी का लेखते आहे? एजंटचं ऐकावं का? बँकेचा रिपोर्ट आणि आरसीचा फोटो सोबत जोडला आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर

नमस्कार ताई,

एजंटचं ऐकू नका. आणि बँक तुम्हाला कमी लेखत नाहीये, ती गाडीची किंमत लावते आहे. तुम्ही रिपोर्ट जोडलात हे फार बरं केलंत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या दोन पानांतच आहेत. वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. असा रिपोर्ट हातात असूनही लोक तो न वाचता फाईलला लावून मोकळे होतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आधी एजंटचे आकडे मांडू. "फ्लॅट" म्हणजे पूर्ण मुदतभर व्याज मूळ रकमेवर लागतं. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत ४ लाख ६० हजारांवरच मोजलेलं असतं. वर्षाला नऊ टक्के म्हणजे ४१,४००. पाच वर्षांचे झाले २ लाख ७ हजार. ते मुद्दलात मिळवायचे आणि ६० ने भागायचं, की ११,११७ चा हप्ता निघतो. बँकेचे साडेतेरा टक्के मात्र घटत्या शिलकीवर आहेत, म्हणजे जेवढं मुद्दल उरलं असेल तेवढ्यावरच व्याज. एजंटचा दर या पद्धतीने काढला तर तो सुमारे १५.७ टक्के येतो. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा धरला तर त्याहूनही वर जातो. नऊ आणि साडेतेरा यांची तुलनाच होत नाही. तुलना करायची ती १५.७ ची आणि साडेतेराची, आणि तिथे बँक स्वस्त आहे.

आता हप्ता पाहा. बँकेचे ३ लाख २० हजार साडेतेरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,८६० बसतो. एजंटचा ११,११७. तुमच्या खिशातून दरमहा जवळजवळ सारखेच पैसे जाणार. पण बँकेचं कर्ज ३६ महिन्यांत संपतं आणि एजंटचं ६० महिने चालतं. तुम्ही ११ हजारांचा आकडा सांगितलात आणि मुदत त्या आकड्यात बसेल इतकी लांबवली गेली. या धंद्यात हप्ता आधी ठरतो आणि बाकी सगळं त्याच्यामागे ओढलं जातं. म्हणून एजंटला "हप्ता किती झेपेल?" याचं उत्तर कधीच आधी देऊ नये.

हातातले दीड लाख शिल्लक राहतात, हा एजंटच्या योजनेतला खरा मोह आहे. पण ते पैसे तुम्ही मुदत ठेवीत टाकणार, तिथे सहा-सात टक्के मिळणार, आणि त्याच पैशांच्या जागी घेतलेल्या कर्जावर पंधरा-सोळा टक्के भरणार. अडीअडचणीला हाताशी थोडी रक्कम हवी हे मला पूर्ण मान्य आहे, त्याची सोय पुढे करू.

व्याज जास्त का, हे तुम्ही विचारलंत. नवी गाडी बँकेच्या दृष्टीने सोपी असते. किंमत बिलावर छापलेली, पैसे थेट शोरूमच्या खात्यात, आणि आरसी निघते तीच बँकेचा बोजा, म्हणजे आपण ज्याला एचपी म्हणतो ती नोंद, चढवून. जुन्या गाडीत आरसी दुसऱ्याच माणसाच्या नावावर असते. बँक त्या माणसाला पैसे देते, मग फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात, कागद आरटीओत जातात, आणि नाव बदलून बोजा चढेपर्यंत काही आठवडे जातात. तेवढा काळ बँकेचे पैसे अशा गाडीत अडकलेले असतात जी अजून कर्जदाराच्या नावावर नाही. कधी आधीच्या कर्जाचा बोजा उतरलेलाच नसतो, कधी चलनं थकलेली निघतात, कधी विक्रेता सहीला येत नाही. कर्ज बुडालंच आणि गाडी ओढून आणली, तर ती यार्डात उभी राहते आणि लिलावात बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीला जाते. पुन्हा फाईल तपासायला, व्हॅल्युएटर पाठवायला, आरटीओचं काम करायला जो खर्च येतो, तो कर्ज तीन लाखांचं असो की दहा लाखांचं, जवळपास सारखाच असतो. लहान कर्जावर तो जास्त टक्के होऊन बसतो. एजंटचं कमिशनही याच व्याजातून निघतं.

फायनान्स कंपन्यांचा दर बँकेहून वर का असतो, याचं कारण साधं आहे. त्यातल्या बऱ्याच कंपन्या स्वतःच बँकांकडून पैसे उचलतात आणि त्यावर आपला नफा ठेवून पुढे देतात. शिवाय बँकेने नाकारलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जातात. ज्यांना दुसरीकडे कर्ज मिळत नाही त्यांच्यासाठी त्या कामाच्याच आहेत. तुम्हा दोघांचे पगार खात्यात जमा होतात, तुम्हाला तिकडे जायचं कारण नाही.

पण नव्या गाडीचे नऊ टक्के पाहून हळहळू नका. समजा तुम्ही नवीच घेतली आणि ६ लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं. हप्ता सुमारे ९,६५० बसेल आणि सात वर्षांत व्याजापोटी २ लाख १० हजारांच्या वर जातील. साडेतेरा टक्क्यांनी ३ लाख २० हजार तीन वर्षांसाठी घेतले तर व्याज होतं सुमारे ७१ हजार. घरातून किती रुपये जातात हे दर, रक्कम आणि मुदत मिळून ठरवतात, आणि तुमच्या बाबतीत दर हा त्या तिघांतला सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. बँकेशी घासाघीस करून तुम्ही साडेतेराचे साडेबारा जरी करून घेतलेत, तरी हप्त्यात दीडशे रुपयांचा फरक पडेल, तीन वर्षांत साधारण साडेपाच हजार. मागायला हरकत नाही, सिबिल चांगला असेल आणि पगार त्याच बँकेत येत असेल तर मागाच. मात्र खरा पैसा दुसरीकडे दडलेला आहे. तो गाडीच्या किमतीत आहे.

म्हणून आता व्हॅल्युएशनकडे येऊ. बँक कर्ज ठरवताना साधारणपणे तीन आकडे समोर ठेवते. एक, तुमचा आणि मालकाचा ठरलेला सौदा. दोन, पॅनलवरच्या व्हॅल्युएटरने गाडी पाहून लिहिलेली किंमत. तीन, बँकेचं स्वतःचं कोष्टक, ज्याला आतले लोक ग्रिड म्हणतात. त्यात मॉडेल, व्हेरिअंट, साल आणि शहर यांनुसार किमती असतात. या तिन्हींत जो आकडा कमी, तो धरला जातो आणि त्याच्या काही टक्के कर्ज मिळतं. गाडी दोन-तीन वर्षांची असेल तर हे प्रमाण जास्त असतं, वय वाढेल तसं खाली येतं. तुमच्या बाबतीत ते ८० टक्के आहे. ४ लाखांचे ८० टक्के ३ लाख २० हजार. सौदा ४ लाख ६० हजारांचा करा की ५ लाखांचा, कर्ज रुपयानेही वाढणार नाही. वरचा प्रत्येक रुपया तुमच्या रोकडीतून जाणार.

आणखी एक गोष्ट. विम्याच्या कागदावर जी आयडीव्ही लिहिलेली असते ती ही किंमत नव्हे. ती गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी किती देईल याची मर्यादा आहे. मालक "पॉलिसीवर बघा, ४ लाख ४५ हजार लिहिलंय" म्हणाले तरी त्या आकड्यावर सौदा करू नका.

रिपोर्टमध्ये ४ लाखच का आले, ते आता पाहू. आरसीच्या फोटोत पासिंगची तारीख मार्च २०२० आहे, पण उत्पादनाच्या रकान्यात १२/२०१९ लिहिलंय. गाडी कारखान्यातून डिसेंबरमध्ये निघाली, शोरूमकडे उभी राहिली आणि मार्चमध्ये नोंदली गेली. मालकाच्या आणि तुमच्या मनात ती "वीसची गाडी" आहे. व्हॅल्युएटरने ती एकोणीसची धरली, आणि हा धंद्याचा सरळ रिवाज आहे. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा गिऱ्हाईकही तेच धरेल. त्याच आरसीवर मालक क्रमांक दोन आहे, म्हणजे नाव बदललं की तुम्ही तिसऱ्या मालक व्हाल. तिसऱ्या हाताला गाडीचा भाव उतरतो, गाडी कितीही चकचकीत असली तरी.

पुढे शेऱ्यांत लिहिलंय की पुढचा उजवा फेंडर आणि बंपर पुन्हा रंगवलेला आहे आणि चारही टायर निम्म्याहून जास्त झिजलेत. फेंडर रंगवलेला असणं म्हणजे मोठा अपघात झाला असं नाही, कराडच्या बाजारात गाडी लावली तरी असं घासतं. पण टायर लवकरच बदलावे लागणार, आणि तो खर्च तुमच्या अंगावर येणार. विम्याची मुदतही महिनाभरात संपते आहे.

एक कारण रिपोर्टमध्ये लिहिलेलं नाही, पण त्या आकड्यात ते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेससकट २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बाराशे सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंत लांबीच्या पेट्रोल गाड्या यात येतात, वॅगन आर त्यांतलीच. नव्या गाडीची किंमत खाली आली की जुनीलाही खाली यावंच लागतं, नाहीतर लोक थोडे पैसे घालून नवीच घेतात. तुमच्या मालकांनी गाडी त्याआधी घेतलेली दिसते. त्यांच्या डोक्यात स्वतः मोजलेली रक्कम पक्की बसली आहे आणि तिच्यावरून ते ४ लाख ६० हजारांचा हिशोब करताहेत. यात त्यांची लबाडी नाही, पण तुम्ही तो तोटा त्यांच्याकडून विकत का घ्यावा?

तेव्हा रिपोर्ट घेऊन मालकांकडे जा. उत्पादनाचं साल, मालक क्रमांक, टायर आणि संपत आलेला विमा या चार गोष्टी शांतपणे दाखवा आणि ४ लाखांपासून बोलणी सुरू करा. व्हॅल्युएटर बँकेच्या बाजूचा असतो, त्यामुळे तो थोडा हात राखून लिहितो, हे खरं आहे. म्हणून ४ लाख १० ते १५ हजारांपर्यंत जायला माझी हरकत नाही. त्याच्या वर गेलात तर दुसरी गाडी शोधा. या मॉडेलच्या गाड्या सातारा, कराड, सांगली पट्ट्यात भरपूर फिरतात, तुमच्यावर घाई करायची वेळ आलेली नाही.

४ लाख १५ हजारांना सौदा झाला असं धरू. बँकेचे ३ लाख २० हजार, तुमचे ९५ हजार. दीड लाखातले ५५ हजार हातात राहतात. त्यातून नाव बदलणं आणि बोजा चढवणं, बँकेची प्रोसेसिंग फी आणि स्टॅम्प ड्युटी, नवा विमा, टायर आणि पहिली नीट सर्व्हिसिंग. विम्याचा आकडा मालकाच्या जुन्या हप्त्यावरून धरू नका. त्यांना मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत त्यांची आहे, गाडीबरोबर ती तुमच्याकडे येत नाही. एवढं करूनही बहुधा दहा-पंधरा हजार उरतील. मालकांच्या ४ लाख ६० हजारांना हो म्हटलंत, तर तुमच्याकडे रोख १० हजार उरतात, आणि टायर क्रेडिट कार्डावर येतात. ४ लाख १५ हजारांच्या सौद्यात उरणारे दहा-पंधरा हजार, तीच ती अडीअडचणीची रक्कम, जिची सोय मी करू म्हटलं होतं.

आता मुदत. हप्ता लहान दिसावा म्हणून लोक लांबची मुदत घेतात. जुन्या गाडीला ते महागात पडतं, कारण गाडीची किंमतही दर वर्षी उतरत असते आणि कर्जाची शिल्लक, म्हणजे फेडायची उरलेली रक्कम, तिच्यापेक्षा जास्त वेगाने उतरायला हवी. ४ लाखांची गाडी वर्षाला बारा टक्क्यांनी उतरते असं धरलं, तर वर्षाअखेर ती साडेतीन लाखांची आणि दोन वर्षांनी ३ लाख १० हजारांची राहील. एजंटच्या कर्जात वर्षानंतर तुमची शिल्लक असेल सुमारे ३ लाख ९४ हजार, दोन वर्षांनी सुमारे ३ लाख १७ हजार. म्हणजे दोन वर्षं हप्ते भरूनही गाडी विकून कर्ज फिटत नाही. त्यावर अशा कंपन्या मुदतीआधी कर्ज बंद करायला पाचेक टक्के आणि त्यावर जीएसटी मागतात, ते आणखी अठरा-एकोणीस हजार. या काळात यजमानांची बदली झाली, आजारपण आलं किंवा गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली, तरी तुम्ही तिच्यातून बाहेर पडू शकत नाही. गाडीच्या कर्जात माणूस अडकतो तो असा.

बँकेच्या तीन वर्षांच्या कर्जात वर्षानंतर शिल्लक असेल सुमारे २ लाख २७ हजार आणि दोन वर्षांनी १ लाख २१ हजार. त्या वेळी गाडी तीन लाखांच्या आसपास विकली तरी कर्ज फेडून पुढच्या गाडीला पुरेल इतकी रक्कम हातात येते.

चार वर्षं घेतलीत तर हप्ता ८,६६० च्या आसपास येतो आणि एकूण व्याज सुमारे ९६ हजार होतं, तीन वर्षांपेक्षा २५ हजार जास्त. वाईट सौदा नाही. दोन वर्षांनी शिल्लक १ लाख ८१ हजार असेल, गाडीच्या किमतीच्या बरीच खाली. हे मी एवढ्यासाठी सांगतो की ११ हजार "झेपतील" असं तुम्ही लिहिलंत, त्यात पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंग धरलंय की नाही ते मला कळलं नाही. धरलं नसेल आणि हे सगळं मिळून ११ हजारांतच बसवायचं असेल, तर चार वर्षं घ्या. हप्ता एकदा जरी चुकला तरी दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. हप्त्याचे ११ हजार वेगळे आणि गाडी चालवायचा खर्च वेगळा, असं असेल तर तीनच वर्षं घ्या. शाळेच्या सुट्टीतला पगार थांबतो की चालू राहतो, हेही एकदा दोघांनी बसून पाहा.

बँकेने चार वर्षांवर हात आखडला तो उगीच नाही. बऱ्याच ठिकाणी नियम असा असतो की शेवटच्या हप्त्याच्या वेळी गाडी अमुक इतक्या वर्षांहून जुनी असू नये. कुठे ती मर्यादा दहा वर्षं असते, कुठे थोडी जास्त. डिसेंबर २०१९ च्या गाडीला आज पाच वर्षांचं कर्ज दिलं, तर फिटेपर्यंत तिची अकरा वर्षं उलटून गेलेली असतील. त्या वयात क्लच, सस्पेन्शन, एसी यांची कामं निघतात. हप्ता आणि गॅरेजचं बिल एकाच महिन्यात येऊ नये, यासाठी कर्ज त्या आधी संपलेलं बरं.

एक गंभीर गोष्ट राहिली. ज्या गाडीला बँक ४ लाखांची म्हणते, तिच्यावर एजंट ४ लाख ६० हजार कसे "करून देतो"? मी पाहिलेले मार्ग दोन. एक म्हणजे खरेदीच्या करारनाम्यात किंमत फुगवून, समजा साडेपाच लाख लिहून, ओळखीच्या व्हॅल्युएटरकडून त्याला जुळेल असा रिपोर्ट घ्यायचा. त्या करारनाम्यावर सही तुमची असते. खोटी किंमत लिहून कर्ज उचललं हे उद्या उघड झालं तर जाब तुम्हाला विचारला जाईल, एजंट तेव्हा फोनही उचलणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे गाडीवर मिळतं तेवढं कर्ज आणि उरलेल्या रकमेचं पर्सनल लोन, दोन्ही एकाच फाईलमध्ये. त्यात पर्सनल लोनचा दर वेगळा आणि बहुतेक वेळा जास्त असतो. कुणी कोऱ्या करारनाम्यावर किंवा कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर तिथेच उठा.

बँकेकडून सही करण्यापूर्वी केएफएस मागा. कर्जाची सगळी माहिती एकत्र देणारा हा कागद आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांना तो सक्तीचा केला आहे, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. मराठीतून मागितलात तर ते तुमच्या हक्काचं आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, फी आणि इतर खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर. तो १३.५ च्या थोडा वर असणारच. पंधराच्या पुढे दिसला तर फीच्या यादीत कर्जविमा घुसवलेला आहे का ते पाहा. तो नको असेल तर काढायला सांगा. केएफएसमध्ये दिलेल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात, त्यामुळे "आजच सही करा" या दबावाखाली येऊ नका. एजंटच्या कंपनीकडूनही तोच कागद मागा. फ्लॅटचे नऊ टक्के त्या कागदावर टिकत नाहीत.

मुदतपूर्व फेडीची अट त्याच कागदात बघा. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, व्यक्तीला घरगुती कारणासाठी दिलेल्या आणि बदलत्या दराच्या कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा आकार लावता येत नाही. जुन्या गाडीची कर्जं मात्र बहुतेक ठरावीक दराची असतात, आणि त्यांना ही सवलत लागू नाही. चार वर्षांची मुदत घेऊन दिवाळीचा बोनस कर्जात भरायचा विचार असेल, तर अर्धवट रक्कम भरायला किती आकार आहे, आणि वर्षातून किती वेळा भरता येते, हे आधी विचारा.

घरात बँकेची मुदत ठेव किंवा सोनं असेल तर आणखी एक वाट आहे. ठेवीवरचं कर्ज ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्तीने मिळतं, सोनेतारण कर्जही बँकेत साडेतेराच्या बरंच खाली मिळतं. व्हॅल्युएशन, बोजा, आरटीओ यांची भानगड नाही. पण सोनं सोडवायची शिस्त नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. लिलावाची नोटीस आली तर गाडीपेक्षा जास्त दुःख होतं.

व्हॅल्युएटरचा रिपोर्ट म्हणजे गाडीची तपासणी नव्हे, एवढंही लक्षात असू द्या. तो चॅसी नंबर, इंजिन नंबर जुळवतो, बाहेरून पाहतो, किलोमीटर लिहितो, फोटो काढतो आणि अर्ध्या तासात निघतो. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत घेऊन जा, गाडी थंड असताना सुरू करायला लावा, लिफ्टवर घेऊन खालून पाहा. सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर सांगून जुन्या नोंदींतले किलोमीटर मालकांकडूनच काढून घ्या आणि मीटरशी ताडून बघा. परिवहनच्या साइटवर बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली चलनं दिसतात. चलनं सौद्याच्या आधी मालकांनी भरायची, असं स्पष्ट बोलून ठेवा.

पैसे मालकांच्या खात्यात गेले की फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात आरटीओत जाऊ द्या, आणि विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्ज नाव बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत द्या. उशीर झाला आणि मध्येच अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ मागून घ्या आणि बोजा लगेच उतरवा. एनओसीची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. ती उलटून गेली तर नवी मिळवायला पुन्हा शाखेच्या चकरा माराव्या लागतात.